आंघोळीनंतर डोकं दुखतं? आधी गॅस गिझर कुठे बसवलाय ते बघा

गॅस गिझर वापरणाऱ्या आमच्या गोव्यातल्या ग्राहकांसाठी

सकाळी आंघोळ करून बाहेर आलं की कपाळ जड होतं, थोडं मळमळतं, पाय गळाल्यासारखे वाटतात आणि दुकानात किंवा ऑफिसात पोचेपर्यंत सगळं आपोआप ओसरतं. अशा वेळी आपण पित्त म्हणतो, बीपी म्हणतो, नाहीतर चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणतो. पण घरात गॅस गिझर असेल आणि तो न्हाणीघराच्या आत असेल, तर आमच्या मते पहिला संशय कार्बन मोनॉक्साइडवर घ्यावा.

या वायूला रंग नाही, वास नाही, आणि त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. सिलिंडरचा गॅस गळला तर वास येतो, कारण त्यात मुद्दाम वासाचं रसायन घातलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइड मात्र गळतीतून येत नाही. गॅस पेटतो, पण त्याला हवा अपुरी पडते, तेव्हा तो तयार होतो. वासाचं रसायन तोवर जळून गेलेलं असतं. म्हणून ‘वास आला नाही, म्हणजे गॅसचा काही प्रश्न नाही’ हे इथे लागू पडत नाही. श्वासातून आत गेलेला हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो आणि पहिली तक्रार डोकं करतं.

चवथीच्या दिवसाचा हिशेब

एरवी घरात तिघं असतात, चवथीला मुंबईहून भाऊ-वहिनी मुलांसह येतात. बाहेर पावसाची झड, म्हणून न्हाणीघराची सरकती काच बंद. पूजेला भटजी यायच्या आत सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या, म्हणजे एक बाहेर आला की दुसरा आत.

सहा लिटरचा गिझर पूर्ण आचेवर तासाला साधारण 850 ग्रॅम गॅस जाळतो, म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीला 140 ग्रॅमच्या आसपास. तेवढा गॅस नीट जळायला पावणेदोन घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, नऊ फूट उंच न्हाणीघरात एकूण हवा सहा घनमीटर. एका आंघोळीत पाव खोलीहून जास्त हवा गिझर वापरतो, आणि चौथी आंघोळ संपेपर्यंत त्याला सबंध खोलीपेक्षा जास्त हवा हवी असते. दार उघडताना, फटीतून थोडी हवा येते, पण ती पुरत नाही. गिझरच्या माथ्यातून निघालेला जळका वायू छताखाली साठतो, खाली उतरतो आणि परत बर्नरमध्ये ओढला जातो. हवेतला ऑक्सिजन घटला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो.

म्हणून पहिल्या माणसाला काहीच होत नाही. तिसऱ्याला डोकं जड वाटतं. शेवटी जाते ती बहुतेक घरची बाई, कारण तोवर ती नैवेद्याच्या स्वयंपाकात असते. तिला भोवळ येते आणि सगळे म्हणतात, उपाशीपोटी एवढी दगदग केली म्हणून. गोळी घेतली, बाहेर बाल्कांवात बसली, बरं वाटलं. बरं वाटलं ते मोकळ्या हवेने, पण श्रेय गोळीला जातं आणि गिझर तसाच राहतो.

ओळखायचं ते असं. दुखणं घरात येतं, बाहेर गेल्यावर जातं. एकाच घरातल्या दोघातिघांना होतं. आंघोळीचा क्रम बदलला की दुखणाराही बदलतो. पावसात आणि डिसेंबर-जानेवारीत, खिडक्या बंद असताना, वाढतं. ताप मात्र नसतो.

बऱ्याच गिझरना वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. तिच्यावर विसंबू नका. ती वेळ मोजते, हवा मोजत नाही, आणि पुढच्या माणसाने नळ उघडला की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

ज्योत निळी असावी. पिवळी, लांब, हलणारी ज्योत किंवा वरच्या झाकणावर काजळी दिसली तर गिझर त्या क्षणापासून बंद ठेवा. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत बर्नर गंजतो, हवेच्या भोकांत कोळी जाळं करतो, वरच्या तांब्याच्या पात्यांत काजळी बसते आणि जळका वायू बाहेर पडायची वाटच अरुंद होते. पण उलट बाजू लक्षात ठेवा: ज्योत निळी दिसली म्हणजे हवा ठीक आहे असं नाही.

जागा कुठली

आम्ही न्हाणीघराच्या आत गॅस गिझर बसवत नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये आतच बसवलाय हे आम्हाला रोज ऐकवलं जातं, तरीही नाही. गिझर बाहेर, मागच्या दारी किंवा उघड्या बाल्कनीत, पावसाचा मारा लागणार नाही असा लावायचा आणि गरम पाण्याची नळी आत न्यायची. नंतर ती बाल्कनी काचा लावून बंद केलीत, तर ती दुसरं न्हाणीघरच झाली. बाहेर जागाच नसेल तर विजेचा गिझर घ्या. तो आम्ही विकत नाही, पण सल्ला हाच.

गिझर सध्या आत असेल तर जागा बदलेपर्यंत बादली भरा, गिझर बंद करा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्या आणि मग आंघोळीला जा. नुसता एक्झॉस्ट फॅन लावून भागत नाही. खालून हवा आत यायला वाट नसेल तर तो बाहेर तरी काय फेकणार? आणि गिझरला धुराडं असेल, तर बंद खोलीतला जोरदार फॅन जळका वायू उलटा आत खेचू शकतो.

जुन्या घरांतल्या न्हाणीत भाणाखाली लाकडं जळायची, पण वर नळ्यांचं छप्पर होतं, फटींतून धूर निघून जायचा, आणि डोळे झोंबले की माणूस स्वतःच बाहेर यायचा. आता वर स्लॅब आहे आणि धूरही नाही. कोळशाचंही तेच: पाऊस आला म्हणून बार्बेक्यूची शेगडी खोलीत घेऊ नका. धूर संपून लाल झालेला निखाराच हा वायू भरपूर सोडतो.

कुणी आत कोसळलं तर

दार उघडा, गिझर बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा. आत जाणाऱ्याने तिथे रेंगाळू नये. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की गॅस गिझर चालू असलेल्या बंद न्हाणीघरात होते, आणि कार्बॉक्सिहिमोग्लोबिनची रक्ततपासणी विचारा. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो. तो हा वायू चिकटलेलं रक्तही चांगलंच समजून 98 दाखवू शकतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, म्हणून सकाळच्या त्रासाची तपासणी संध्याकाळी केली तर अहवाल निर्दोष येऊ शकतो. गरोदर बाईला किरकोळ डोकेदुखी झाली तरी थांबू नका, पोटातल्या बाळाला धोका जास्त असतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो. तो न्हाणीघराबाहेरच्या पॅसेजमध्ये लावा, वाफेत नको. धुराचा किंवा एलपीजी गळतीचा अलार्म हे काम करत नाही.

वर्षाची सर्व्हिसिंग मे महिन्यात करून घ्या. बर्नर उघडून साफ करणं, पात्यांतली काजळी काढणं, रबरी नळी आणि रेग्युलेटर तपासणं, एवढ्याला तासभर लागतो. फोन करताना गिझर आत आहे की बाहेर, किती वर्षांचा आहे आणि घरात कुणाचं डोकं दुखतं का, हे तिन्ही सांगा. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर आम्ही त्याच दिवशी येतो, तोवर गिझर पेटवू नका.