माईक नाही, तीन हजार माणसं आहेत, आणि शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचाय

पुण्यात टेकडीवर सभा घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न आवाजाचा. वर लाईट नाही, जनरेटर चढवणं शक्य नाही आणि स्पीकर लावायचा तर परवानगीही लागते, मग कोणीतरी खणखणीत आवाजाचा माणूस दगडावर उभा राहतो आणि जीव तोडून ओरडतो. पुढचे टाळ्या वाजवतात, मागचे एकमेकांना विचारत राहतात, काय म्हणाला रे? हे मागचे लोक बहिरे नसतात आणि बोलणाराही कमी ओरडत नसतो. त्यांना आवाज येत असतो, शब्द येत नसतात, आणि या दोन्हीतला फरक समजला की माईकशिवाय बोलायची अख्खी पद्धतच बदलते.

आधी आवाजाचं गणित बघू. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. घसा न फाडता पण पूर्ण दमाने बोलणाऱ्या माणसाचा आवाज त्याच्यापासून 1 मीटरवर 80 डेसिबल धरला तर 2 मीटरवर 74, 4 वर 68, 8 वर 62, 16 वर 56 आणि 32 मीटरवर 50. आता टेकडीवरचा वारा, लोकांची कुजबुज, लहान पोरं, खालून येणारा ट्रॅफिकचा घों घों, हे सगळं मिळून 50 डेसिबल धरू. म्हणजे 32 मीटरवर बोलणारा आणि गोंगाट बरोबरीला आले. त्यात मधे उभ्या असलेल्या माणसांची डोकी आणि कपडे पण आवाज खातात, त्यामुळे शब्द नीट कळायची हद्द 20 मीटरच्या आसपासच धरावी. गर्दी अर्धगोलात उभी आहे आणि एका चौरस मीटरमधे दोघं जण आहेत असं धरलं तर 20 मीटरच्या आत साधारण बाराशे माणसं मावतात. तीन हजार असतील तर अर्धगोल 31 मीटरपर्यंत जातो. म्हणजे अठराशे लोक असे, की ज्यांना नुसता आवाज येतोय.

हे असं गणित फार जुनं आहे. 1739 मधे फिलाडेल्फियात जॉर्ज व्हाइटफील्ड नावाचा धर्मोपदेशक उघड्यावर प्रवचन करत होता आणि गर्दीत बेंजामिन फ्रँकलिन होता, तोच तो विजेचे प्रयोग करणारा. तो ऐकत ऐकत रस्त्याने मागे मागे चालत गेला, रस्त्यावरच्या गोंगाटात आवाज बुडाला तिथे थांबला, तेवढ्या अंतराचा अर्धगोल धरला, प्रत्येक माणसाला दोन चौरस फूट जागा दिली आणि हिशोब काढला, तीस हजारांहून जास्त लोकांना हा आवाज ऐकू जाऊ शकतो. दोन चौरस फूट म्हणजे खांद्याला खांदा लावून गर्दी, आणि व्हाइटफील्डचा आवाजही असामान्य होता, त्यामुळे आपल्या वॉर्डातल्या कार्यकर्त्याने तो आकडा स्वतःला लावू नये.

मग अजून जोरात ओरडलं तर? इथेच गोची आहे. आपल्या बोलण्यात सगळी ताकद स्वरांची असते, आ, ओ, ए यांची, आणि अर्थ बराचसा व्यंजनांवर चालतो. स, त, फ, ख असल्या व्यंजनांचा आवाज बारीक, उंच पट्टीतला, आणि मोकळ्या आ पेक्षा कधी कधी वीसेक डेसिबलने कमी. माणूस ओरडायला लागला की त्याचे स्वर फुगतात पण व्यंजनं त्या प्रमाणात वाढत नाहीत, कारण स हा जीभ आणि दातांमधून हवा घासून निघतो, त्यात घशाचा जोर काही कामाचा नाही. म्हणून फार ओरडलं की लांबच्या माणसाला नुसती आ-आ-ओ-ए अशी लाट ऐकू येते. आणि उंच पट्टीतला आवाज तोंडाच्या समोरच जास्त जातो, बोलणाऱ्याच्या पाठीमागे फार कमी, त्यामुळे मान वळवून वळवून बोलणारा माणूस दर वेळी अर्ध्या लोकांची व्यंजनं काढून घेत असतो.

यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे गर्दीलाच लाऊडस्पीकर करणं. 2011 मधे न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमधे आंदोलक जमले होते, तिथे परवानगीशिवाय स्पीकर लावायला बंदी, तर त्यांनी ही पद्धत वापरली. बोलणारा आधी ओरडायचा, माइक चेक, जवळचे सगळे तेच ओरडायचे, मग तो एक छोटी ओळ बोलायचा, जवळचे ती ओळ जशीच्या तशी म्हणायचे आणि ती मागे जायची. आपल्याकडे हे काही नवीन नाही, कीर्तनात टाळकरी धृपद उचलतात आणि पोवाड्यात झीलकरी मागे ओळ धरतात, त्यात शाहिराला दम घ्यायला वेळ मिळतो हा फायदा वेगळाच.

टेकडीवरच्या आपल्या सभेत हे करून बघू. 20 मीटरच्या अर्धगोलाची कड साधारण 63 मीटर लांब होते, त्या कडेवर नव्वदेक माणसं उभी राहतात. यांना एकच काम सांगायचं, ओळ ऐकली की मागे तोंड करायचं आणि म्हणायची. मागे तोंड करायचं हे फार महत्त्वाचं आहे आणि नेमकं तेच कोणी करत नाही, सगळे बोलणाऱ्याकडे बघतच ओरडतात, आणि मग त्यांची व्यंजनं जिथे गरज नाही तिथे जातात. या नव्वदमधला एकच माणूस 70 डेसिबलने बोलला तर त्याच्या 10 मीटर मागे 50 पोचतील, म्हणजे परत गोंगाटाच्या बरोबरीला. पण शेजारीपाजारी मिळून सगळी रांग एकदम बोलली की तिथेच साठच्या वर पोचतात. 10 डेसिबलची ही आघाडी खूप झाली, शेवटच्या रांगेतल्या आजींनाही ओळ कळेल. आणि कोणालाच घसा फाडावा लागलेला नाही.

आता ओळ किती मोठी असावी? ऐकलेले शब्द माणूस डोक्यात जसेच्या तसे धरून ठेवतो ते साधारण दोन सेकंदात बोलून होतील तेवढेच. त्याच्यापुढे गेलं की तो अर्थ धरतो आणि शब्द स्वतःचे घालतो, आणि नव्वद जणांनी नव्वद प्रकारचे शब्द घातले की मागे नुसता कल्ला जातो. नेहमीच्या गप्पांमधे आपण सेकंदाला पाच-सहा अक्षरं सहज बोलतो, इथे तीन-चार बोलायची, कारण नव्वद तोंडं एका क्षणाला उघडत नाहीत, थोडी पुढेमागे होतात आणि अक्षरं एकमेकांवर चढतात. म्हणजे ओळ झाली सहा ते आठ अक्षरांची. लहान अभंगाच्या चरणात आठ अक्षरं असतात आणि मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार, हे मला योगायोग वाटत नाही, शेकडो माणसांनी चालता चालता उचलून म्हणायचं ते याच मापाचं टिकणार.

मराठीत एक धोका खास आहे आणि तो मी बऱ्याच सभांमधे बघितलाय. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नाही तर त्याच्याही शेवटी. पण दम संपत आला की आवाज आपोआप खाली जातो, म्हणजे वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द सगळ्यात कमकुवत जागी बसलेला. उद्या कोणी ओरडून सांगितलं, आपल्याला रस्ता अडवायचा नाही, आणि तो शेवटचा नाही वाऱ्यावर गेला, तर मागच्या अठराशे लोकांनी काय ऐकलं याचा विचार करा. त्यामुळे अशा सभेत नकार वापरायचाच नाही, तेच होकारात सांगायचं, रस्ता मोकळा ठेवा. हे अर्धं ऐकलं तरी उलटा अर्थ निघत नाही.

दुसरा धोका आकड्यांचा. सहा आणि दहा मधे फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा, आणि त्यातला स हा लांबवर सगळ्यात आधी मरणारा आवाज. साडेसहाला बोलावलं आणि निम्मे लोक साडेदहाला आले असं होऊ शकतं. म्हणून आकड्याला जोडून अशी एक ओळ द्यायची की आकडा नीट ऐकला नाही तरी अंदाज यावा.

आता हे वाक्य घ्या, येत्या रविवारी सकाळी साडेसहा वाजता सगळ्यांनी गाड्या न आणता टेकडीच्या पायथ्याशी जमायचं आहे आणि रस्ता अडवायचा नाही. कागदावर ठीक आहे, टेकडीवर मेलं. ते असं फोडायचं:

रविवारी सकाळी
उजाडता उजाडता
साडेसहा वाजता
टेकडीच्या पायथ्याला
गाडी घरी ठेवा
रस्ता मोकळा ठेवा

प्रत्येक ओळ सहा ते आठ अक्षरांची, आणि शेवटचा स्वर बहुतेक ठिकाणी आ, जो तोंड सगळ्यात जास्त उघडून निघतो आणि लांब जातो. मोरया पण आ वरच संपतं बघा, लक्ष्मी रोडच्या गर्दीत ते कुठून कुठपर्यंत ऐकू येतं ते पुणेकरांना माहीत आहे.

पण मोरया आणि वरच्या ओळी ही दोन वेगळी कामं आहेत आणि लोक इथे गल्लत करतात. गणपती बाप्पा म्हटलं की पुढचं उत्तर सगळ्यांना आधीच पाठ असतं, त्यातून नवीन माहिती एक अक्षरही जात नाही, आणि ज्याने हाक ऐकली नाही तोसुद्धा शेजाऱ्याचं ऐकून सामील होतो. ते गर्दीला एका ठेक्यावर आणायला आणि कुजबुज थांबवायला वापरायचं, सभेच्या सुरुवातीला आणि मधे लक्ष उडालं की. कुजबुज थांबून गोंगाट 50 वरून 44 वर आला तर गणिताने तुमच्या आवाजाची हद्द दुप्पट होते. बातमी मात्र पाठ नसलेल्या ओळीनेच जाते आणि ती जशीच्या तशी परत म्हणून घ्यावी लागते.

पोचली की नाही हे कळायचा मार्गही सवाल-जवाबातच आहे. सगळं सांगून झालं की विचारायचं, मागचे सांगा, किती वाजता? आणि गप्प उभं राहायचं. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो, 31 मीटरवर जाऊन यायला जेमतेम 0.2 सेकंद, बाकीचा वेळ माणसांना ऐकून तोंड उघडायला लागतो, तेव्हा दोन सेकंद थांबावं. उत्तर एका ठोक्यात, कडा धरून आलं तर ओळ पोचली. पसरट, लांबलेलं, कुठे सहा कुठे दहा असं आलं तर ओळ फुटलेली आहे, ती पहिल्यापासून परत द्यायची, जोरात नाही, सावकाश.

उभं राहायची जागा पण बघून घ्यावी. वारा तुमच्या पाठीकडून लोकांकडे वाहायला हवा, तेव्हा आवाज वरून खाली वाकतो, उलट असला तर तो वर उचलला जातो आणि लांबच्या लोकांच्या डोक्यावरून जातो. पुण्यात उन्हाळ्याच्या संध्याकाळी वारा बहुतेक पश्चिमेचा असतो, म्हणजे बोलणारा पश्चिमेला, लोक पूर्वेला. हाताला लागेल तो कट्टा, दगड घ्या, म्हणजे आवाज डोक्यांमधून घासत न जाता वरून जाईल. भर दुपारी तापलेल्या जमिनीवर आवाज वरच जातो, त्यामुळे मोठी सभा असेल तर सकाळ किंवा सूर्य मावळतानाची वेळ बरी.

गर्दी आणखी मोठी असेल तर कडेवरच्या माणसांची दुसरी रांग लावता येते, मग ओळ दोनदा उचलली जाते. तिसरी रांग शक्यतो लावू नये, प्रत्येक टप्प्याला थोडं थोडं बिघडतं, आणि बोलणाऱ्याला प्रत्येक लाट शांत होईपर्यंत थांबावं लागतं, एक मिनिटाचं बोलणं चार मिनिटांवर जातं. युक्तिवाद, पण-परंतु, आकडेवारी यातलं काहीच या पद्धतीने जात नाही, ते आधी छापून वाटावं किंवा नंतर वीस-वीस जणांचे घोळके करून बोलावं, आणि दगडावरून फक्त वार, वेळ, जागा आणि काय करायचं एवढंच सांगावं.