सहाचा मसालेभात दहांना कसा पुरवायचा?

सप्टेंबर उजाडला की कासची फुलं बघायला पुण्या-मुंबईचे नातेवाईक साताऱ्यात उतरतात. सहाजणांच्या बेताने काढलेला मसालेभात आयत्या वेळी दहाजणांना पुरवायचा असतो. मग कुणी म्हणतं, "दीडपट कर की," कुणी म्हणतं, "सरळ दुप्पट टाक, उरलं तर सकाळी फोडणी घालू." या दोन्हींच्या मध्ये एक नेमका आकडा आहे, आणि तो काढायला शाळेतला अपूर्णांक पुरतो.

दहाला सहाने भागलं की 10/6, म्हणजे 5/3, म्हणजे साधारण 1.67. हा आपला गुणक. तोंडी करायचं तर प्रत्येक जिन्नसाचे तीन भाग करा आणि तसे पाच भाग घ्या. काजू बारा असतील तर तिसरा हिस्सा चार, त्याचे पाचपट वीस. तेल चार मोठे चमचे असेल तर 6.67 येतं. मोठ्या चमच्यात तीन छोटे चमचे मावतात, त्यामुळे हे सहा मोठे आणि दोन छोटे चमचे झाले. इथवर सगळं सरळ आहे.

अडचण अशी की आपली मापं पाव, अर्धा, पाऊण अशी चारच्या हिशेबाने चालतात. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेत, पण तिसऱ्या हिस्स्याचा पाढा काही नव्हता. म्हणून गुणाकारानंतर आकडा जवळच्या मापावर बसवावा लागतो. मोबाइलवरची अॅप तर "0.8333 चमचा हळद" असं बिनदिक्कत सांगतात! शीग लावलेला चमचा सपाट चमच्यापेक्षा दीडपट सहज भरतो, तिथे त्या चार दशांश स्थळांना काय अर्थ? हळद पाऊण चमचा घ्या. सांगलीकडची ताजी, चढ्या रंगाची असेल तर काहीच कमी पडणार नाही.

मला या सगळ्यात आवडते ती एकच गोष्ट. चव प्रमाणावर ठरते, एकट्या मापावर नाही. समजा, सहाजणांसाठी अडीच वाट्या तांदूळ आणि दीड चमचा मीठ आहे. 5/3 ने गुणलं की तांदूळ 4.17 वाट्या आणि मीठ अडीच चमचे. आता कुणी तांदूळ "चारच घे" म्हणून खाली आणला आणि मीठ "तीन टाक" म्हणून वर नेलं, तर दोन्ही फेरफार किरकोळ वाटतात. पण आधी वाटीमागे 0.6 चमचा मीठ होतं, आता 0.75 झालं. भात सव्वापट खारट! याउलट सगळेच जिन्नस पावणेदोनपट केले असते तर साडेदहा माणसांचा भात झाला असता, चव मात्र तीच राहिली असती.

म्हणून आधी मुख्य जिन्नस मापात बसवावा आणि बाकीचे त्याच्या मागे न्यावेत. तांदूळ सव्वाचार वाट्या घेतला तर खरा गुणक झाला 1.7. मीठ 2.55, म्हणजे अडीच चमचे. चार लवंगांच्या 6.8 येतात, पण सहाच घ्या. उग्र जिन्नस खाली उतरवावा, कारण कमी पडलेलं मीठ-मसाला वाढवता येतो, जास्त झालेला काढता येत नाही.

पाणी मात्र या हिशेबात बसत नाही. भाताला घातलेल्या पाण्यातलं काही तांदूळ पितो, काही वाफ होऊन जातं. तांदळाचा वाटा 1.7 पट वाढतो. वाफ मात्र पातेल्याचं तोंड, आच, झाकण आणि वेळ यांवर ठरते. माणसं वाढली म्हणून पातेल्याचं तोंड रुंदावत नाही. समजा, पाच वाट्यांपैकी एक वाफेत जाते. मग उरलेल्या चार गुणिले 1.7 म्हणजे 6.8, त्यात वाफेची एक मिळवली की 7.8. पावणेआठ वाट्या घाला. सरसकट गुणलं असतं तर साडेआठ पडल्या असत्या आणि भात गिचका झाला असता. असा भात झाला की दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकणारे अजूनही आहेत. त्या मोहऱ्या फोडणीत तरी कामी आल्या असत्या.

आपल्याकडे वाफ किती जाते हे काट्यावर कळतं. पाणी घातल्यावर पातेलं झाकणासकट तोला, भात शिजल्यावर पुन्हा तोला. दीडशे ग्रॅम कमी भरलं तर दीडशे मिलिलिटरची एक वाटी उडाली. पातेलं बदललं, की ही मोजणी नव्याने करायची. कुकरमध्ये वाफ थोडीच बाहेर पडते, त्यामुळे तिथे पाणीही जवळपास पूर्ण गुणकाने वाढवता येतं. उघड्या पातेल्यात अंदाज चुकलाच तर भातावर बिळं पडून पाणी दिसेनासं होईल तेव्हा एक शीत चेपून बघा. आत पांढरा कडक ठिपका असेल तर अर्धी वाटी उकळतं पाणी कडेने सोडा आणि आच मंद ठेवा.