गोबी मंच्युरियन ड्राय : तळलेली गोबी सॉसमध्ये जाईपर्यंत कुरकुरीत कशी ठेवायची

आमचं मंच्युरियन मिक्स वापरणाऱ्या गाडेवाल्यांचे, मेसवाल्यांचे आणि केटरिंगवाल्यांचे जे फोन येतात, त्यातले निम्मे एकाच तक्रारीचे असतात. "कढईतून काढली तेव्हा गोबी कडक होती, अर्ध्या तासात मऊ पडली. यावेळी मिक्समध्ये काही बदललंय का?" मिक्समध्ये काहीही बदललेलं नसतं. आम्ही उलट एकच विचारतो, तळलेली गोबी ठेवली कशात होती? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं : भगुन्यात, आणि वर झाकण.

गोबी गार होऊ नये, माशी बसू नये, म्हणून झाकण ठेवलं जातं. हेतू चांगला आहे, पण कुरकुरीतपणा जातो तो त्या झाकणाखालीच. फुलकोबीत वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. तुरा तळला की वरचं पीठ कोरडं होतं, आतली गोबी मात्र ओलीच राहते आणि कढईबाहेर आल्यावरही कितीतरी वेळ वाफ सोडत राहते. ही वाफ मोकळी सुटली तर काही बिघडत नाही. कोंडली तर झाकणाला लागून तिचं पाणी होतं आणि ते आवरणात मुरतं.

आमच्यावर विश्वास ठेवण्याआधी घरीच बघा. कढईतून काढलेला एक गरम तुरा ताटलीत ठेवून त्यावर काचेचा ग्लास पालथा घाला, आणि शेजारी दुसरा तुरा उघडा ठेवा. दोन मिनिटांत ग्लासला आतून घाम फुटतो. दहा मिनिटांनी दोन्ही तुरे बोटांत दाबा. ग्लासखालचा दबतो, उघड्यावरचा टकटक वाजतो. मिक्स एकच, तेल एकच, कढईही एकच.

म्हणून पहिली गोष्ट ही की, तळलेली गोबी जाळीवर, एका थरात आणि उघडी ठेवायची. जाळीखाली रिकामी परात ठेवा, म्हणजे निथळलेलं तेल तिच्यात पडेल आणि खालूनही हवा लागेल. माशीची भीती असेल तर वर पातळ मलमल टाका, तिच्यातून वाफ निघून जाते. परातीत ढीग करू नका, कारण ढिगातले खालचे तुरे झाकल्यासारखेच होतात. वर्तमानपत्रावर तर मुळीच नको. कागद खालून ओला होतो आणि शाई अन्नाला लागते.

दुसरी गोष्ट, गोबी दोनदा तळायची. हे आम्ही पाकिटावर छापलंय, पण बरेच जण ते वाचून सोडून देतात, कारण दोनदा तळण्यात गॅस आणि वेळ जातो असं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्यांदा तळून ठेवलं की ऑर्डर आल्यावर तासाभराचं काम दीड मिनिटावर येतं. पहिल्या वेळी तेल मध्यम तापलेलं हवं, साधारण १६० ते १६५ अंश. त्यात चार ते पाच मिनिटांत गोबी आतून शिजते आणि पीठ पक्कं बसतं. रंग फिकट बदामीच ठेवा. मग वीस ते तीस मिनिटं जाळीवर विसावू द्या. एवढ्या वेळात आतला ओलावा हळूहळू बाहेर येऊन आवरणात शिरतो, तुरा हाताला किंचित नरम लागतो आणि गिऱ्हाईक घाबरतं. घाबरू नका, हे असंच व्हायला हवं. दुसऱ्या वेळी १८५ ते १९० अंशांच्या कडक तेलात साठ ते नव्वद सेकंद सोडलं की बाहेर आलेला तो ओलावा उडून जातो. आत पाणी कमी उरलेलं असतं, म्हणून यावेळचा कडकपणा टिकतो.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. भिजवलेल्या पिठाचा थेंब तेलात सोडा. तो तळाला जाऊन तीन-चार सेकंदांनी सावकाश वर आला तर तेल पहिल्या वेळेसाठी तयार आहे. खाली न जाता लगेच फसफसत वर आला तर दुसऱ्या वेळेसाठी. दुसऱ्यांदा तळताना कानही वापरा. सुरुवातीला बुडबुड्यांचा आवाज दाट असतो, ओलावा संपत आला की तो विरळ होतो. त्यावेळी झाऱ्यात तुरे उचलून हलवा. खडखड वाजले तर काढा, नुसते घसरले तर अजून वीस सेकंद.

पाण्याचं माप आमच्या मिक्सचं पक्कं आहे : ३०० ग्रॅमच्या पाकिटाला ३०० मिली थंड पाणी, आणि त्यात एक किलो साफ केलेले तुरे. आधी अडीचशे मिली घाला, उरलेलं लागेल तसं. पीठ पळीच्या पाठीवर पातळ बसलं पाहिजे, बोटाने रेघ ओढली तर रेघ राहिली पाहिजे. अंदाजाने पाणी ओतलं की पीठ सैल होतं आणि तेलात सुटतं, मग कढईत भुगा आणि तुरे उघडे. घट्ट झालं तर जाड कवच बसतं, बाहेरून कडक आणि आतून कच्च्या पिठाचं. तुरे धुऊन ओलेच पिठात घातले तर माप बरोबर असूनही पीठ सैल होतं. अळीसाठी मिठाच्या गरम पाण्यातून दोन मिनिटं काढा, पण नंतर कापडावर पसरून पंख्याखाली अर्धा तास सुकवा. पावसाळ्यातल्या गड्ड्याला आणि उन्हाळ्यातल्या मोकळ्या, फुललेल्या गड्ड्याला हे सुकवणं दुप्पट महत्त्वाचं, कारण त्यांच्या फटींत पाणी अडकून बसतं. थंडीतला घट्ट पांढरा गड्डा इतका त्रास देत नाही.

आता हे एका ऑर्डरवर लावून बघू. जालन्यात रात्री आठची पंगत आहे आणि स्टार्टरला दहा किलो गोबी आणली आहे. पाला-दांडे काढून साधारण सहा किलो तुरे उरतात, म्हणजे आमची सहा पाकिटं आणि १.८ लिटर पाणी. आचारी चार वाजता सगळं तळून झाकून ठेवतात आणि आठला सॉसमध्ये ओततात, आणि बिघडतं ते इथेच. चार तास झाकलेल्या गोबीला कोणतंही मिक्स वाचवू शकत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात शिजलेलं अन्न एवढा वेळ बाहेर ठेवणं तब्येतीलाही चांगलं नाही.

त्याऐवजी साडेपाचला तुरे धुऊन सुकत घाला. साडेसहाला पहिलं तळण सुरू करा. दहा लिटर तेलाच्या कढईत एका घाण्याला दीड किलोच्या वर सोडू नका. जास्त सोडले की तेल एकदम थंड होतं, पीठ तेल पितं आणि तुरे एकमेकांना चिकटतात. चार घाणे आणि मधे तेल पुन्हा तापायला वेळ, असं धरून सव्वासातपर्यंत काम संपतं. तुरे जाळीवर पसरा. मग आठला पाहुणे बसतील तसा एक-एक घाणा कडक तेलातून काढून थेट सॉसच्या कढईत. सगळे सहा किलो एकदम परतू नका.

तळलेली गोबी दोन तासांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर पूर्ण गार करून, उघड्या ट्रेमध्ये फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. फ्रिजमधली गोबी दुसऱ्यांदा तळताना अर्धा मिनिट जास्त द्या.

सॉसमध्येही शत्रू पाणीच आहे. एक किलो तुऱ्यांना सोया सॉस ४० मिली, रेड चिली आणि टोमॅटो सॉस ६०-६० मिली, व्हिनेगर १५ मिली, आणि १०० मिली पाण्यात दहा ग्रॅम कॉर्नफ्लोअर. एवढंच. लसूण, आलं, मिरची मोठ्या आचेवर परता. ढोबळी मिरची आणि कांदा शिजवू नका, मंद आचेवर ती पाणी सोडतात. सॉस घालून आटवा. पळी कढईच्या तळावरून ओढल्यावर तळ दोन सेकंद दिसत राहिला, सॉस चकाकायला लागला, की गोबी टाका आणि तीस-चाळीस सेकंदांत उतरवा. गोबीला सॉस माखला पाहिजे, गोबी सॉसमध्ये पोहता कामा नये. सोया सॉसमध्ये मीठ असतं, म्हणून वरून मीठ चाखूनच घाला.

एवढं सगळं बरोबर केलं तरी सॉस लागल्यावर कुरकुरीतपणा दहा-बारा मिनिटंच राहतो. तासभर राहील असं आम्ही कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

दोन प्रश्न मिक्सबद्दल. "तुमचं मिक्स फुगत का नाही?" कारण आम्ही त्यात सोडा घालत नाही. सोड्याने आवरण जाळीदार होतं, दिसायला मोठं दिसतं, पण जास्त तेल पितं आणि सॉस लागताच बसतं. त्याऐवजी मैदा आणि कॉर्नफ्लोअर जवळजवळ सारखं ठेवून थोडं तांदळाचं पीठ घातलंय. नुसता मैदा गार झाल्यावर वातड होतो. नुसतं कॉर्नफ्लोअर तुऱ्याला धरत नाही. दोन्ही एकत्र लागतात, आणि तांदळाच्या पिठाने कडकपणा थोडा जास्त वेळ राहतो. दुसरा प्रश्न लाल रंगाचा, तो विशेषतः उदगीर, देगलूरकडून येतो. आमच्या मिक्समध्ये रंग काश्मिरी मिरचीचाच आहे. सीमेपलीकडे कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. आम्ही ते आधीही वापरत नव्हतो. मिरचीचा रंग भडक येत नाही, हे मान्य आहे.

पार्सल देताना गोबी आणि सॉस वेगळे द्या. गोबीच्या डब्याच्या झाकणाला चार भोकं पाडा, आणि गिऱ्हाइकाला सांगा की घरी सॉस गरम करून ऐनवेळी मिसळा. मिसळूनच हवं असेल तर डबा भरल्यावर दोन मिनिटं उघडा ठेवून मग बंद करा.

तक्रारीचा फोन करताना तळलेली गोबी ठेवलेल्या भांड्याचा एक फोटोही पाठवा, निम्मं उत्तर त्यातच मिळतं. माप आणि वेळ पाळूनही पीठ सुटलं तर पाकीट आम्ही बदलून देतो. पाच किलोच्या पिशवीबरोबर ३०० मिलीचं माप आणि जाळी फुकट मिळते, आणि नवीन केटरिंगवाल्यांच्या पहिल्या ऑर्डरला आमचा माणूस पहिला घाणा काढून दाखवायला येतो. त्यासाठी दोन दिवस आधी कळवा.