पिव्हट टेबलमधील कॅल्क्युलेटेड फील्ड
कॅल्क्युलेटेड फील्ड म्हणजे एक्सेलच्या पिव्हट टेबलमध्ये, मूळ तक्त्याला हात न लावता, सूत्राने तयार केलेला रकाना. तो `PivotTable Analyze` मधल्या `Fields, Items & Sets` खाली मिळतो. साधे सूत्र प्रत्येक ओळीवर चालते. कॅल्क्युलेटेड फील्ड मात्र आधी प्रत्येक रकान्याची बेरीज करते आणि मग त्या बेरजांवर सूत्र लावते. बहुतेक चुकलेले हिशेब याच क्रमामुळे चुकतात.

नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्यांचा हिशेब उदाहरणादाखल घेऊ. मोठा माल 40 क्रेट, दर 500 रुपये. मध्यम 60 क्रेट, दर 400. बारीक 100 क्रेट, दर 300. खरी विक्री 20,000, 24,000 आणि 30,000, म्हणजे एकूण 74,000 रुपये. आता फील्डमध्ये `=क्रेट*दर` लिहिले, तर तिन्ही ओळी बरोबर येतात, पण खालची एकूण रक्कम 2,40,000 दिसते: 200 क्रेट गुणिले दरांची बेरीज 1,200. ओळी बरोबर दिसल्या की माणूस निर्धास्त होतो, म्हणून ही चूक फार फसवी आहे. मध्यम मालाचे 30-30 क्रेटचे दोन लॉट असते, तर ती ओळही 24,000 ऐवजी 48,000 झाली असती. पिव्हटमध्ये दराची सरासरी दाखवली तरी फरक पडत नाही. सूत्र बेरीजच घेते. ओळींची बेरीज हाताने करून एकूण रकमेशी ताडून पाहावी, चूक लगेच उघडी पडते.

उपाय सोपा आहे. गुणाकार मूळ तक्त्यात ‘रक्कम’ या रकान्यात करावा आणि भागाकार फील्डवर सोपवावा:

```
=रक्कम/क्रेट
```

याला ‘सरासरी दर’ नाव दिले की एकूण ओळीत 74,000 भागिले 200, म्हणजे 370 येतात. तिन्ही दरांची साधी सरासरी 400 भरते, पण ती शंभर क्रेट आणि चाळीस क्रेट एकाच मापाने मोजते. गुणोत्तरासाठी कॅल्क्युलेटेड फील्ड खरोखर चोख आहे. मात्र त्यात सेलचा पत्ता लिहिता येत नाही, आणि डेटा मॉडेलवरच्या पिव्हटमध्ये ही सोय मिळतच नाही.

हा आकडा त्याच शीटवर दुसरीकडे `=B7` असा उचलला, तर मालाची नवी प्रत येताच एकूण ओळ खाली सरकते आणि B7 मध्ये भलताच आकडा उरतो. `GETPIVOTDATA` सेलचा पत्ता न धरता नावाने शोधते. पिव्हट A3 पासून सुरू होत असेल, तर पहिले सूत्र मध्यम मालाचा दर देते, दुसरे एकूण विक्री:

```
=GETPIVOTDATA("सरासरी दर",$A$3,"प्रत","मध्यम")
=GETPIVOTDATA("रक्कम",$A$3)
```

"मध्यम" च्या जागी F2 लिहून त्या सेलमध्ये प्रतीचे नाव ठेवले की प्रत बदलून पाहता येते. पण हे फंक्शन पिव्हटमध्ये दिसतो तेवढाच आकडा वाचते. फिल्टरने मध्यम माल लपवला की पहिले सूत्र `#REF!` दाखवते, दुसरे मात्र गुपचूप 50,000 वर येते. म्हणून फिल्टर बदलल्यावर दुसऱ्या सूत्राचा आकडा आधी तपासावा. पहिल्याला `IFERROR` लावून शून्य दाखवले, तर ‘माल लपलाय’ आणि ‘विक्री झाली नाही’ यांतला फरकच पुसला जातो.