नोझलच्या हेलकाव्यांतून निघणारे दोन आकडे

थ्रीडी प्रिंटरला `M303 E0 S200 C8` ही आज्ञा दिली की काही मिनिटं तो एक विचित्र काम करतो. नोझलचं तापमान 200 अंशांवर स्थिर ठेवायचं सोडून तो ते मुद्दाम वरखाली डोलवतो. 200 च्या खाली गेलं की हीटर चालू, वर गेलं की बंद. आठ हेलकावे झाले की थांबतो आणि तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरसाठी `Kp`, `Ki`, `Kd` अशी तीन मूल्यं स्क्रीनवर देतो. ही मूल्यं येतात कुठून?

1942 साली झीग्लर आणि निकोल्स यांनी कंट्रोलर जुळवायची एक रीत सांगितली होती. कंट्रोलरचा गेन, म्हणजे चूक किती जोराने दुरुस्त करायची ते प्रमाण, हळूहळू वाढवत न्यायचं. एका ठरावीक गेनला तापमान ना स्थिरावतं ना भरकटतं, एकसारखं हेलकावत राहतं. तो गेन `Ku` आणि त्या हेलकाव्याचा काळ `Tu`. एवढे दोन आकडे हाती आले की बाकी सगळी आकडेमोड. अडचण अशी, की या काठापर्यंत चाचपडत जावं लागतं आणि एक पाऊल जास्त पडलं की हेलकावे वाढतच जातात. हीटरच्या बाबतीत हा खेळ कुणी करू नये.

1984 मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथल्या ऑस्ट्रॉम आणि हेगलुंड यांनी वेगळी वाट मांडली. कंट्रोलर बाजूला काढायचा आणि त्याजागी एक रिले बसवायचा, ज्याला फक्त दोनच पातळ्या ठाऊक आहेत. वरचा प्रिंटर नेमकं हेच करतो.

नोझलमध्ये उष्णता पोचायला वेळ लागतो. त्यामुळे हीटर बंद झाल्यावरही तापमान थोडा वेळ चढतं, चालू झाल्यावरही थोडा वेळ उतरतं. रिले मात्र तापमानाने रेषा ओलांडताक्षणी उलटतो, म्हणजे तो कायम तापमानाच्या बरोबर विरुद्ध असतो. ही लय टिकायची तर नोझलने हीटरच्या मागे अर्धा हेलकावा राहायला हवं. असं एका ठरावीक काळालाच घडतं आणि तो काळ नोझल स्वतःच शोधून काढतं. झीग्लर-निकोल्स ज्या काठावर पोचतात तिथलाही काळ जवळजवळ हाच. `Tu` मिळाला.

आता `Ku`. समजा हीटरच्या 0 ते 255 या मापात रिले 0 आणि 160 यांमध्ये उड्या मारतोय, म्हणजे 80 च्या दोन्ही बाजूंना 80, हा `d`. तापमान 197.5 ते 202.5 डोललं, म्हणजे मध्यापासून 2.5 अंश, हा `a`. एक हेलकावा 24 सेकंदांचा. रिलेची लाट चौकोनी असते. तिच्यात त्याच काळाची एक साइन लाट दडलेली असते, उंची 80 च्या 4/π पट. उरलेल्या लाटा तिप्पट, पाचपट वेगाच्या. तेवढ्या वेगाला धातूचा सुस्त ठोकळा फारसा दाद देत नाही, म्हणून त्या सोडून देता येतात. उरलेल्या साइन लाटेच्या उंचीला `a` ने भागलं की `Ku`.

```
Ku = 4d / (π a) = 4×80 / (3.1416×2.5) ≈ 40.7
Kp = 0.6 Ku     ≈ 24.4
Ki = 2 Kp / Tu  ≈ 2.0
Kd = Kp Tu / 8  ≈ 73
```

सूत्रात `a` खाली आहे, आणि मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच वाटते. रिलेची ताकद बांधलेली आहे, म्हणून हेलकावा मोठा झाला की त्याचा प्रत्यक्ष गेन कमी पडतो आणि हेलकावा आखडतो. लहान झाला की गेन वाढतो आणि हेलकावा पुन्हा फुगतो. काठावर आपण तोल सांभाळत नाही, तो आपोआप सांभाळला जातो. किती डोलायचं हेही आपल्याच हातात. रिलेची उडी निम्मी केली की हेलकावाही साधारण निम्मा, `Ku` तोच.

फसतं कुठे? मधली पातळी चुकली तर एक बाजू लांबते. समजा 200 अंश टिकवायला 80 नव्हे, 100 लागतात. मग हीटर जास्त वेळ चालू आणि कमी वेळ बंद राहील, आणि `a` वर विसंबता येणार नाही. म्हणून प्रिंटरचं फर्मवेअर दर फेरीला दोन्ही अर्धे काळ मोजून मधली पातळी सरकवतं. सुरुवातीच्या एक-दोन हेलकाव्यांवर भरवसा ठेवायचा नाही तो याचसाठी. सेन्सरचा आकडा थरथरत असेल तर रिले रेषेवरच कडकड उलटत बसतो. त्याला रेषेच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक द्यावी लागते, आणि त्या बदल्यात उत्तर किंचित सरकतं.

आलेख जरूर पाहावा. तापमानाची रेषा गोलसर असेल तर सूत्र बरोबर बसतं. ती टोकदार किंवा चौकोनी दिसली, तर वेगवान लाटाही आत शिरल्या आहेत आणि `Ku` मध्ये दहा-वीस टक्क्यांची चूक सहज असू शकते. शिवाय चाचणीत पंखा बंद आणि छपाईत चालू असेल, तर आकडे भलत्याच नोझलचे निघतात. आधी `M106` ने पंखा चालू, मग `M303`.