२२०/३८० ची पाटी: स्टार-डेल्टा जोडणी कुठून आली

जुन्या युरोपियन थ्री-फेज मोटरच्या नेमप्लेटवर ‘२२०/३८०’ आणि शेजारी डेल्टा-स्टारची चिन्हं दिसतात. मोटरचं वाइंडिंग एकच, मग व्होल्टेज दोन का, याचं उत्तर तिथल्या शहरांच्या वीजपुरवठ्यात आहे.

थ्री-फेज मोटर व्यवहारात आणण्यात मोठा वाटा एईजी कंपनीच्या दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांचा. १८९१ मध्ये लाउफेनहून १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफुर्टला थ्री-फेज वीज पोचली आणि ही पद्धत रुजली. दिवे मात्र आधीपासूनच १०० ते १३० व्होल्टच्या आसपासचे होते. त्यामुळे फ्रान्स, स्पेन, सोव्हिएत संघ इथे बऱ्याच ठिकाणी १२७/२२० व्होल्टचा पुरवठा झाला: फेज-न्यूट्रलमध्ये १२७, दोन फेजमध्ये २२०. पुढे मागणी वाढली, तेव्हा पुरवठा २२०/३८० वर नेला गेला, कारण त्याच तारेतून तेवढ्याच करंटला १.७३ पट वीज जाते.

इथे गणित कारखान्यांच्या बाजूनं पडलं. वाइंडिंग २२० व्होल्टचं असेल, तर जुन्या पुरवठ्यात डेल्टा जोडायचं, म्हणजे प्रत्येक वाइंडिंग दोन फेजच्या मध्ये येतं आणि त्याला थेट २२० मिळतात. नव्या पुरवठ्यात स्टार जोडायचं, म्हणजे तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र बांधायचं, कारण मग प्रत्येकाला ३८० भागिले १.७३ म्हणजे पुन्हा २२० मिळतात. टर्मिनल बॉक्समध्ये वरच्या रांगेत U1, V1, W1 आणि खालच्या रांगेत W2, U2, V2 असतात. खालची रांग मुद्दाम एक घर सरकवलेली आहे, म्हणून तीन उभ्या पट्ट्या लावल्या की डेल्टा होतो आणि त्याच पट्ट्या खालच्या रांगेत आडव्या लावल्या की स्टार. रिवाइंडिंगची गरजच नाही.

मात्र पट्ट्यांबरोबर ओव्हरलोड रिले बदलावा लागतो. डेल्टात लाइन करंट ८.७ अँपिअर असेल, तर स्टारमध्ये तीच मोटर फुल लोडला ५ अँपिअर घेते. रिले ८.७ वरच राहिला, तर संरक्षण नावालाच उरतं.

खरी नासधूस होते ती ३८० वर पट्ट्या डेल्टात राहिल्या की. वाइंडिंगला १.७३ पट व्होल्टेज मिळतं, कोअर सॅच्युरेट होतो, लोड नसतानाही करंट फुल लोडच्या वर जातो आणि मोटर जोरात घुमते. क्लॅम्प मीटरवर हे लगेच कळतं, वास यायची वाट बघू नये. उलट चूक, म्हणजे २२० वर स्टार, फसवी असते: मोटर रिकामी छान फिरते, पण टॉर्क एक तृतीयांश उरतो. लोड येताच ती दबते आणि हळूहळू तापते.

भारतात ४१५ व्होल्टवर अशी मोटर स्टारमध्येच चालवतात, पण वाइंडिंगला २४० व्होल्ट मिळतात, नेमप्लेटपेक्षा सुमारे ९ टक्के जास्त, म्हणून सतत पूर्ण लोडवर ती अधिक तापते. आपल्याकडच्या मोठ्या मोटरी बहुतेक ४१५ डेल्टाच्या असतात, म्हणून त्यांना स्टारमध्ये सुरू करून ‘रन’ला डेल्टात नेणारा स्टार-डेल्टा स्टार्टर चालतो. २२०/३८० च्या मोटरीला तो कधीही लावू नये, कारण स्टार्टर ‘रन’ला गेला की वाइंडिंगवर थेट ४१५ येतात.