फुल क्रीम, टोन्ड आणि स्किम्ड दूध : कॅलरी आणि फॅट

दुधाच्या पिशव्यांमधला खरा फरक फॅटचा असतो. भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे फुल क्रीम दुधात कमीत कमी ६ टक्के फॅट लागतं, टोन्डमध्ये ३ टक्के, आणि स्किम्डमध्ये जास्तीत जास्त अर्धा टक्का. मधे डबल टोन्ड येतं, १.५ टक्क्यांचं. टोन्ड दूध हे मुंबईचंच देणं, १९४० च्या दशकात आरे दुग्धयोजनेचे दारा खुरोडी यांनी म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि स्किम्ड दुधाची पावडर घालून ते बनवलं, म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त घरं भागायची आणि भावही आवाक्यात राहायचा.

आता २०० मिलीचा एक ग्लास घ्या. फुल क्रीममध्ये साधारण १२ ग्रॅम फॅट आणि १७५ कॅलरी, टोन्डमध्ये ६ ग्रॅम आणि १२० च्या आसपास, स्किम्डमध्ये जेमतेम १ ग्रॅम आणि ७०. एक ग्रॅम फॅट म्हणजे ९ कॅलरी, त्यामुळे हा सगळा फरक फॅटमुळेच पडतो. प्रोटीन तिन्हींत ६-७ ग्रॅमच असतं आणि कॅल्शियमही जवळपास तेवढंच, त्यामुळे 'स्किम्डमध्ये काही दमच नसतो' हे म्हणणं चुकीचं आहे. फॅटबरोबर जातं ते व्हिटॅमिन ए आणि डी, म्हणून बऱ्याच पिशव्यांत ते वरून घातलेलं असतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय स्किम्ड देऊ नये, त्यांना ते फॅट लागतं.

चहात हिशोब बदलतो. घरच्या एका कपात दूध पडतं साधारण ५० मिली, म्हणजे फुल क्रीमच्या ४४ कॅलरी, टोन्डच्या ३०, स्किम्डच्या १७-१८. आणि त्याच कपात दोन चमचे साखर, १० ग्रॅम धरली तरी ४० कॅलरी! दिवसाला चार कप पिणाऱ्याने फुल क्रीम सोडून टोन्ड घेतलं तर ५६ कॅलरी वाचतात, आणि दूध तेच ठेवून कपामागे एक चमचा साखर कमी केली तर ८०. अमृततुल्यच्या चहात दूध जास्त असतं, तिथे दुधाचा प्रकारही महत्त्वाचा ठरतो.

स्किम्डचा चहा पातळ आणि करडा दिसतो, मग लोक रंग यावा म्हणून दुप्पट दूध ओततात आणि चव लागेना म्हणून साखर वाढवतात, तिथे सगळी बचत संपते. त्यापेक्षा चहाला टोन्ड बरं, रंग नीट येतो. घरी फुल क्रीम तापवून साय काढली तर फॅट कमी होतं खरं, पण किती गेलं ते साय किती जाड धरली त्यावर ठरतं, आणि पिशवीचं दूध होमोजिनाइज्ड असेल तर साय फारशी येतच नाही, फॅटचे कण फोडून दुधातच मिसळलेले असतात. पिशवीच्या रंगावरही जाऊ नका, प्रत्येक डेअरीचा रंग वेगळा असतो, मागे छापलेला फॅटचा आकडाच बघायचा.